नर्मदा-तापीला त्रिभुज प्रदेश का नाही: फिरत्या उत्तराची झडती

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समधून आणि व्हॉट्सॲपवरून फिरणारं उत्तर साधारण असं असतं:

«गोदावरी, कृष्णा या पूर्ववाहिनी नद्या संथ वाहतात आणि भरपूर गाळ आणतात, म्हणून त्यांना त्रिभुज प्रदेश. नर्मदा, तापी खचदरीतून, कठीण खडकावरून वेगात वाहतात. त्यांच्यात गाळ नसतो, असला तरी वेगामुळे समुद्रात लांब फेकला जातो. शिवाय पश्चिम किनाऱ्याला समुद्र एकदम खोल, पूर्वेला उथळ. म्हणून पश्चिमेला नुसत्या खाड्या. कोकणातल्या नद्यांचंही तेच कारण.»

वेग आणि उतार

आधी उगमाची उंची आणि नदीची लांबी एवढे दोनच आकडे घेऊ. नर्मदा अमरकंटकला सुमारे 1,057 मीटरवर उगवते आणि 1,312 किलोमीटर वाहते. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी 80 सेंटिमीटर उतार. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर साधारण तेवढ्याच उंचीवर उगवते आणि 1,465 किलोमीटर वाहते. उतार 73 सेंटिमीटर. फरक सात सेंटिमीटरचा. कृष्णा महाबळेश्वरला 1,337 मीटरवर उगवून 1,400 किलोमीटर जाते, तिचा उतार 95 सेंटिमीटर येतो. म्हणजे त्रिभुज प्रदेश असलेली कृष्णा नर्मदेपेक्षा उभी. मुलताईहून निघणारी तापी मात्र किलोमीटरला मीटरभर उतरते, पण ती कृष्णेच्या फार पुढे नाही.

सरासरी फसवी असते, हे मान्य. कृष्णेचा मोठा उतार घाटमाथ्यावरच खर्च होतो. पण मग पाहायचा तो शेवटचा टप्पा, आणि तिथेही दावा टिकत नाही. नर्मदा गरुडेश्वरच्या खाली डोंगर सोडते आणि भरूचपर्यंत गुजरातच्या गाळाच्या मैदानातून वळणं घेत जाते. गोदावरीची गोष्ट उलट आहे. समुद्र जवळ आलेला असताना तिला पूर्व घाट फोडावा लागतो. पापिकोंडलूच्या चिंचोळ्या घळईतून ती बाहेर पडते, पोलावरम ओलांडते आणि मग लगेच राजमहेंद्रीच्या खाली तिचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. कठीण खडकातून सुटून थेट समुद्राला भिडणारी नदी कोणती म्हटली, तर बोट गोदावरीकडे जाईल.

वेगाचा दुसरा भाग तर्काच्याच विरुद्ध जातो. पाण्याचा वेग वाढला की गाळ वाहून नेण्याची ताकद कितीतरी पट वाढते. वेगवान नदी गाळ कमी नाही, जास्त आणते. राहिलं लांब फेकणं. समुद्रात शिरताच नदीच्या पाण्याला मागून उतार राहत नाही आणि बाजूचे काठही राहत नाहीत. झोत पसरतो, आजूबाजूच्या पाण्यात मिसळतो आणि मुखाच्या रुंदीच्या काही पटींइतक्या अंतरात त्याचा दम संपतो. जाड वाळू तिथेच बसते. बारीक चिखल मात्र पुढे जातो, पण तो गोदावरीचाही जातो आणि नर्मदेचाही.

खचदरी आणि कठीण खडक

नर्मदा आणि तापी खचदऱ्यांतून वाहतात, इथपर्यंत ठीक. पण गोदावरीसुद्धा वाहते. प्राणहिता-गोदावरी खचदरी ही भारतातल्या मोठ्या आणि जुन्या खचदऱ्यांपैकी एक. वर्धा खोऱ्यातला, म्हणजे चंद्रपूर-वणीकडचा कोळसा आणि तेलंगणातल्या सिंगरेणीचा कोळसा याच खचलेल्या पट्ट्यात साठलेल्या थरांमधून निघतो. महानदीचा खालचा भागही अशाच गोंडवना काळातल्या खचदरीत आहे. दोन्ही नद्यांना भलेमोठे त्रिभुज प्रदेश आहेत. युरोपात ऱ्हाईन नदी बाझेलपासून पुढे तीनशे किलोमीटर खचदरीतून येते आणि हॉलंडमध्ये त्रिभुज प्रदेश करते. खचदरी नदीची वाट ठरवते; मुखाशी काय घडेल ते दुसऱ्याच गोष्टी ठरवतात.

कठीण खडकाचंही तसंच. दख्खनचा काळा पत्थर फोडायला कठीण हे खरं, पण गाळ अखंड पत्थरातून येत नाही. तो येतो त्यावरच्या कुजलेल्या मुरमातून आणि काळ्या मातीतून, आणि पहिल्या दोन पावसांत ही माती कशी वाहते हे विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळपास निम्मा भाग याच पत्थरावर आहे. एकच खडक एका नदीला गाळ देतो आणि दुसरीला देत नाही, असं होत नाही.

गाळ किती

या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणून थोडं थांबू. गोदावरीचं खोरं सुमारे 3,12,800 चौरस किलोमीटर, नर्मदेचं साधारण 98,800, तापीचं 65,000 च्या आसपास. खोरं लहान म्हणजे गाळ कमी, हे बरोबर. शिवाय नर्मदेच्या मधल्या भागात आणि तापी-पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर साठलेत. वाटेतच काही गाळ अडकतो हे त्यावरून दिसतं.

पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. मोठी धरणं होण्यापूर्वी नर्मदा दरवर्षी काही कोटी टन गाळ समुद्राकडे आणत होती. तो पाहायचा असेल तर भरूचच्या खाली नर्मदेच्या मुखात अलिया बेट आहे. ते वाळू आणि चिखलाचंच आहे, आणि लहान नाही. खंभातच्या आखातात वाळूचे लांबट उंचवटे आहेत, जहाजांना ते टाळून जावं लागतं. खुद्द खंभात हे एके काळचं मोठं बंदर, आणि ते गाळानेच निकामी झालं. ज्या आखातात गाळ येत नाही तिथली बंदरं गाळाने बुडत नाहीत.

मोजायचा आकडा एकट्या गाळाचा नसतो. नदी किती आणते आणि समुद्र त्यातलं किती उचलून नेतो, हे दोन्ही शेजारी ठेवावे लागतात. ॲमेझॉन नदी वर्षाला शंभर कोटी टनांच्या पुढे गाळ आणते, तरी तिचं मुख समुद्रात पुढे सरकलेलं दिसत नाही. किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह तिचा चिखल वायव्येला गयानांच्या किनाऱ्यापर्यंत ओढून नेतो, आणि बाकीचा पाण्याखालीच पसरतो. गंगा-ब्रह्मपुत्राही साधारण शंभर कोटी टनच आणतात आणि जगातला सर्वांत मोठा त्रिभुज प्रदेश त्यांचा आहे. गाळ सारखा, निकाल वेगळा.

गोदावरीचा हिशेब करून पाहिला तर समुद्राचा वाटा किती मोठा असतो ते कळतं. 1970 च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे 15 कोटी टन गाळ आणत होती. बसलेल्या ओल्या गाळाचं घनमीटरला दीड टन वजन धरलं तर हा झाला दहा कोटी घनमीटर. तो सगळा दहा मीटर खोल समुद्रात भरला, तर दरवर्षी दहा चौरस किलोमीटर नवी जमीन मिळायला हवी. प्रत्यक्षात तिचा त्रिभुज प्रदेश सुमारे 5,100 चौरस किलोमीटर आहे आणि तो उभा राहायला सहा-सात हजार वर्षं लागली. म्हणजे वर्षाला एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही. हा ढोबळ हिशेब आहे. जंगलतोड आणि शेती वाढण्यापूर्वी नदीचा गाळ कमी असणार, आणि गाळाचे थर दबून खालीही बसतात. तरी मोठा हिस्सा समुद्राने नेला, हे उघड आहे. त्रिभुज प्रदेश म्हणजे समुद्राला न्यायला जमला नाही तेवढाच गाळ.

समुद्राची खोली: इथे दावा साफ उलटा आहे

भारताचा समुद्रबूड भूभाग, म्हणजे भूखंडमंच, सर्वांत रुंद आहे तो मुंबई-गुजरातसमोर. तिथे तो तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरलाय. मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर आत आहे आणि तिथे पाण्याची खोली 75 मीटरच्या आसपास. आता पूर्वेला या. काकीनाड्यापासून साधारण 60 किलोमीटरवर केजी-डी6 हे वायूक्षेत्र आहे आणि तिथे खोली कित्येक शे मीटरांपासून हजाराच्या पुढे जाते. गोदावरीच्या तोंडासमोर समुद्र झपाट्याने खोल होतो, नर्मदेच्या तोंडासमोर तो शेकडो किलोमीटर उथळच राहतो. पूर्व किनाऱ्याचं मैदान रुंद आणि सपाट आहे, त्यावरून कुणीतरी समुद्रही उथळ असणार असं ठरवलं असावं.

आणि नर्मदेच्या मुखाचं गूढ याच उथळपणात आहे. भरतीची लाट उघड्या समुद्रातून येते तेव्हा लहान असते. रुंद, उथळ मंचावर चढताना तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. त्यात खंभातच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा: तोंडाशी, दीव ते दमण, सुमारे 190 किलोमीटर रुंद आणि आत जाता जाता 24 किलोमीटरपर्यंत अरुंद. तेवढंच पाणी कमी जागेत कोंबलं जातं, म्हणून ते वर चढतं. रत्नागिरीला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक अडीच मीटरच्या आसपास असतो, मुंबईत साडेचार-पाच, आणि भावनगरला दहा मीटरच्या पुढे. काकीनाड्याला तोच फरक दीड मीटरच्या आसपास.

फिरत्या उत्तरात भरतीचं नाव एकदाही येत नाही, आणि खरं कारण तर तेच.

भरती मुखाशी काय करते

नर्मदेच्या मुखाचा एक अंदाजी हिशेब मांडू. भरूचला नदी साधारण दीड किलोमीटर रुंद आहे. 1881 सालचा गोल्डन ब्रिज 1,412 मीटर लांब आहे, त्यावरून कल्पना येईल. तिथून आखातापर्यंत पन्नासेक किलोमीटरमध्ये हे पात्र वीसेक किलोमीटर रुंद होतं. बेटं वगळून भरतीचं पाणी खेळतं असं क्षेत्र 200 चौरस किलोमीटर धरू आणि सगळीकडची सरासरी चढ-उतार चार मीटर. म्हणजे एका भरतीत 80 कोटी घनमीटर पाणी आत येतं आणि सहा तासांत परत जातं. सेकंदाला सुमारे 37,000 घनमीटर.

नर्मदेचा स्वतःचा प्रवाह, वर्षाची सरासरी काढली तर, सेकंदाला हजार-दीड हजार घनमीटर. 1970 च्या सप्टेंबरात आलेला महापूर गरुडेश्वरला सुमारे 69,000 घनमीटर मोजला गेला होता आणि तो अजूनही दाखला म्हणून सांगितला जातो. त्या महापुराच्या निम्म्याने प्रवाह या मुखात दिवसातून चार वेळा, दोनदा आत आणि दोनदा बाहेर, बाराही महिने चालतो. हिशेबातलं क्षेत्र थोडं कमी-जास्त निघालं तरी चित्र बदलत नाही.

एवढ्या प्रवाहाला वाट लागते आणि ती वाट तो स्वतः खोदून राखतो. समजा मुखाच्या काठाला चिखल साचून पात्र अरुंद झालं. तेवढंच भरतीचं पाणी आता लहान तोंडातून जाणार, म्हणून वेग वाढणार, आणि वाढलेला वेग साचलेला चिखल पुन्हा उचलणार. आखातात उधाणाच्या दिवसांत प्रवाह सेकंदाला तीन मीटरपर्यंत जातो. वाळू तर सोडाच, बारीक खडीही त्यात हलते. म्हणून मुख अरुंद होत नाही, नरसाळंच राहतं. गाळ बसतो तो प्रवाहाच्या दिशेत लांबट उंचवट्यांच्या रूपात, अलिया बेटासारखा, आणि कडेच्या चिखलाच्या मैदानांवर, जिथे उधाणाचं पाणी जेमतेम पोचतं.

भरतीचा आणखी एक गुण आहे. उथळ पाण्यात भरतीचा माथा तिच्या पायथ्यापेक्षा जोरात पुढे सरकतो, त्यामुळे चढ थोडक्या वेळात आणि जोराने होतो, उतार मात्र रेंगाळत. आत येणारा प्रवाह वेगवान, बाहेर जाणारा सावकाश. वाळू उचलण्याची ताकद वेगावर अवलंबून, म्हणून कोरड्या महिन्यांत वाळू आणि चिखल समुद्राकडून आत ढकलला जातो. पावसाळ्यात नदी तो परत बाहेर लोटते. गाळ वर्षभर असा येरझारा घालतो. नदीमुखखाडीचं पाणी म्हणूनच पूर नसतानाही गढूळ दिसतं. पाण्याच्या रंगावरून नदी गाळ आणतेय की भरती जुनाच गाळ घुसळतेय, ते ठरवता येत नाही. मार्चमध्येही पाणी तेवढंच गढूळ असेल आणि उधाणाला जास्त, भांगाला, म्हणजे भरती लहान असते त्या दिवसांत, कमी गढूळ होत असेल, तर ते भरतीचं काम.

खाऱ्या पाण्यात चिखल का बसतो

चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. स्थिर गोड्या पाण्यात तो दिवसाला तीस-चाळीस सेंटिमीटर खाली जातो. दहा मीटर खोल पाण्यात तळ गाठायला महिना. इतका वेळ कुठलंच नदीमुख स्थिर राहत नाही. मग चिखल बसतो तरी कसा?

या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ठेवतात. मीठ मिसळलं की पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमचे आयन त्या भाराला झाकतात आणि कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात. समुद्राइतका खारटपणा लागत नाही. लिटरला दोन ते पाच ग्रॅम मीठ पुरतं, समुद्रात ते 35 च्या आसपास असतं. पुंजका सेकंदाला अर्धा मिलिमीटरने उतरला तर दिवसाला 43 मीटर होतात. महिन्याचं काम सहा तासांत.

हे घरी पाहता येतं. शेतातली काळी माती दोन काचेच्या बरण्यांत, लिटरभर पाण्यात चमचाभर, ढवळून घ्या. पाणी पावसाचं हवं. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आधीच असल्याने दोन्ही बरण्या सारख्याच निवळतात आणि प्रयोग फसला असं वाटतं. एका बरणीत दोन चमचे मीठ टाका, दोन्ही पुन्हा ढवळा आणि बाजूला ठेवा. खड्यासारखे जाड कण दोन्हीकडे लगेच बसतील. पुढच्या तास-दोन तासांत मिठाच्या बरणीत ढगासारखे पुंजके दिसू लागतील आणि वरचं पाणी निवळेल. दुसरी बरणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असेल.

नदीच्या मुखात हे घडतं ते गोडं पाणी खाऱ्याला भेटतं त्या पट्ट्यात. गोदावरीला पूर असतो तेव्हा खारं पाणी पार बाहेर ढकललं जातं, म्हणून हा पट्टा मुखाच्या बाहेर, उथळ समुद्रात पडतो. चिखल तिथे बसतो आणि पुढच्या जमिनीचा पाया होतो. नर्मदेच्या मुखात भरती सगळं पाणी तळापासून घुसळते. पुंजके भरती-ओहोटीच्या मधल्या, पाणी थांबतं त्या अर्ध्या तासात खाली बसतात आणि ओहोटीचा जोर सुरू झाला की पुन्हा उचलले जातात. बसणं-उठणं चालू राहतं, साठत फारसं काही नाही.

गोदावरीने जमीन कशी केली

मुखाबाहेर झोत मंदावला की वाळू मधोमध बसते आणि पाण्याखाली एक दांडा तयार होतो. पाण्याला त्याला वळसा घालावा लागतो, म्हणून एक प्रवाह दोन होतात. दोघांच्याही पुढे पुन्हा दांडे, पुन्हा फाटे. अधूनमधून मोठ्या पुरात नदी एक लांबलेला, आळसावलेला फाटा सोडते आणि समुद्राला जवळची वाट काढते. मग गाळ दुसऱ्या बाजूला पडू लागतो. राजमहेंद्रीखाली धवलेश्वरमला, जिथे 1852 साली आर्थर कॉटनचा बंधारा पूर्ण झाला, तिथे गोदावरीचे गौतमी आणि वसिष्ठा असे दोन मुख्य फाटे होतात, आणि वसिष्ठेतून पुढे वैनतेया निघते.

पण गोदावरीचा त्रिभुज प्रदेश निव्वळ नदीचाही नाही. बंगालच्या उपसागरातल्या लाटा मुखाशी पडलेली वाळू ईशान्येकडे ढकलतात आणि तिच्या किनाऱ्याला समांतर पट्ट्या करतात. या त्रिभुज प्रदेशातल्या कोनसीमा भागात समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत अशा जुन्या वाळूच्या पट्ट्या एकामागून एक दिसतात. प्रत्येक पट्टी म्हणजे एके काळचा किनारा. उंच पट्टीवर नारळ आणि घरं, दोन पट्ट्यांच्या मधल्या सखल चिकणमातीत भात. गौतमीच्या मुखापासून उत्तरेला वाढलेला काकीनाड्याचा वाळूचा दांडा हे त्याच कामाचं आजचं रूप.

उपग्रहाच्या चित्रात त्यामुळे ओळख सोपी आहे. किनाऱ्याला समांतर, कमानीसारख्या पट्ट्या दिसल्या तर लाटांचा हात. आतल्या बाजूला सारखं अरुंद होत गेलेलं नरसाळं आणि त्यात प्रवाहाच्या दिशेत लांबट बेटं दिसली तर भरतीचा. पक्ष्याच्या पायासारखे समुद्रात घुसलेले फाटे, मिसिसिपीसारखे, दिसले तर नदी दोघांवर भारी. बहुतेक ठिकाणी तिन्हींची भेसळ असते. सुंदरबनकडे पाहा: सागर बेटाजवळ भरतीचा फरक पाच मीटरपर्यंत जातो, मुखं सगळी नरसाळ्यासारखी, आणि तरी ती सगळी त्रिभुज प्रदेशावरच आहेत. भरती मोठी म्हणजे त्रिभुज प्रदेश नाहीच, असा नवा नियम करून पाठ करायची गरज नाही. गाळ पुरेसा असेल तर भरतीही हरते. गोदावरीच्या बाबतीतही उन्हाळ्यात प्रवाह आटला की खारं पाणी गौतमीत बरंच आत शिरतं आणि तिथलं मुख अभ्यासक नदीमुखखाडी म्हणूनच अभ्यासतात. एकाच नदीला दोन्ही असू शकतं.

कोकण वेगळं आहे

कोकणातल्या नद्यांना नर्मदेचं कारण लावता येत नाही. भरती तिथे दोन-तीन मीटरची, मंच रुंद, उतार तीव्र. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. त्या वेळी नद्यांनी आजच्या किनाऱ्याच्या पलीकडे जाऊन दऱ्या कोरल्या. मग समुद्र चढत गेला आणि सात हजार वर्षांपूर्वी त्याचा वेग मंदावला. या चढाईत सगळ्याच नद्यांच्या खालच्या दऱ्या बुडाल्या, गोदावरीची आणि गंगेचीही. जगातले बहुतेक आजचे त्रिभुज प्रदेश साडेआठ ते साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या काळात सुरू झाले ते म्हणूनच. सुरुवात सगळ्यांची खाडीपासून. ज्यांनी बुडालेली दरी भरून काढली त्या पुढे सरकल्या.

सावित्री, वाशिष्ठी, मांडवी यांची लांबी शंभर किलोमीटरच्या आत किंवा आसपास. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. इतक्या लहान खोऱ्यांचा गाळ बुडालेल्या दऱ्या भरायलाच अजून पुरलेला नाही. मांडवीत भरती पन्नासेक किलोमीटर आत जाते. ती सगळी लांबी गाळाला अडकायची जागा आहे. वरून येणारी वाळू समुद्रापर्यंत पोचायच्या आत खाडीत बसते, आणि मुखाशी दिसणारा दांडा बऱ्याचदा नदीचा नसून लाटांनी किनाऱ्यावरून आणलेल्या वाळूचा असतो. पणजीजवळचा आग्वादचा दांडा पावसाळी लाटांनी असा उथळ होतो की खनिजाच्या बार्जेसना तिथून जाणं बंद करावं लागतं. त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीला उतरतात. नदीला पूर असताना मुख उथळ होतं. गाळ नुसता नदीतून येत असता तर हे कोडं उलगडलं नसतं.

या खाड्या भरत आहेतच. सोपारा, चौल ही जुनी बंदरं आज जहाजाच्या कामाची नाहीत, त्याला हेही एक कारण. पण भरण्याचा वेग आणि समुद्राची चढती पातळी यांची शर्यत पुन्हा सुरू झालीय, आणि धरणांनी नद्यांच्या बाजूचं पारडं हलकं केलंय. गोदावरीचा गाळ 1970 च्या दशकातल्या 15 कोटी टनांवरून 1990 च्या दशकात सहा कोटींच्या खाली आला. 1976 ते 2001 या काळात तिच्या त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याने सुमारे 18 चौरस किलोमीटर जमीन गमावली. तापीवर 1972 पासून उकाई आहे, नर्मदेवर सरदार सरोवर. भरूचला आता भरतीचं खारं पाणी अधिक वर चढतं, ते अडवायला भाडभूतजवळ बंधारा बांधायला घेतलाय, आणि आधीच्या हिशेबातले ते 80 कोटी घनमीटर त्या बंधाऱ्याने कमी झाले की मुख उथळ आणि अरुंद होऊ लागेल.